‘कुठपर्यंत आलंय?’ : मुदत उलटलेल्या कामाबद्दल सहकाऱ्याला निरोप कसा लिहावा

रत्नागिरीजवळच्या एका लहान फळप्रक्रिया कारखान्यात उत्पादनाचं आणि माल पाठवण्याचं वेळापत्रक मी सांभाळते. 2025 च्या पावसाळ्यात माझ्या हाताखाली एक नवीन मुलगी कामाला लागली. तिला इथे सायली म्हणू. कोकम सरबताची नवी बाटली बाजारात आणायची होती आणि तिच्या लेबलाचा मजकूर गुणवत्ता विभागातल्या सहकाऱ्याकडून गुरुवारी, 14 ऑगस्टला मिळायचा होता. सहकाऱ्याला प्रसाद म्हणू. मजकूर आला नाही. शुक्रवारी स्वातंत्र्यदिन, शनिवारी गोपाळकाला, मग रविवार. सोमवारी सकाळी बाहेर पाऊस कोसळत असताना सायलीने मोबाईल माझ्यापुढे धरला. पाठवण्याआधी एकदा बघा, म्हणाली.

> प्रसाद सर, जेंटल रिमाइंडर. लेबलचा मजकूर अजूनही आलेला नाही. गुरुवारीच द्यायचा होता. तरी कृपया लवकरात लवकर पाठवावा ही विनंती.

‘कृपया’ आहे, ‘विनंती’ आहे, आवाज कुठे चढलेला नाही. तरी मी तिला तो पाठवू दिला नाही. आपल्याला दोन गोष्टी हव्या होत्या: काम कुठवर आलं आहे आणि आता ते कोणत्या तारखेला मिळेल. या चार वाक्यांत त्या दोन्ही कुठेच विचारलेल्या नाहीत. असा निरोप मिळाल्यावर समोरचा माणूस ‘हो, करतो’ एवढंच लिहितो. त्याच्या बाजूने उत्तर दिलेलं असतं आणि आपल्या हातात काहीच आलेलं नसतं. शिवाय या निरोपात एक बोच आहे. ती कुठे आहे ते पुढे सांगते.

नोकरीत नवीन असणाऱ्याला असा निरोप जड जातो. एक तर तो लिहायचं टाळून दिवस घालवतो, नाही तर एकदम नोटिशीच्या भाषेत लिहितो. त्या सोमवारी आम्ही दोघींनी तो निरोप पुन्हा कसा लिहिला आणि त्याचं पुढे काय झालं, ते क्रमाने सांगते.

लिहिण्याआधी आपली बाजू तपासा

याला दहा मिनिटं पुरतात आणि ती वाचवू नयेत. तीन गोष्टी बघायच्या. तारीख खरोखर ठरली होती का आणि कुठे लिहिलेली आहे? त्या माणसाला काम करण्यासाठी आपल्याकडून काही हवं होतं का, आणि ते आपण कधी दिलं? आणि त्याने आधीच कुठे उत्तर देऊन ठेवलंय का, म्हणजे मेलमध्ये, ग्रुपवर, किंवा चहाच्या वेळी दुसऱ्या कुणाला तोंडी?

सायलीने रजिस्टर उघडलं. 8 ऑगस्टच्या बैठकीत 14 तारीख लिहिलेली होती, म्हणजे ती पक्की. पण त्याच पानावर आणखी एक ओळ होती: बाटली 700 मिलीची की 750 मिलीची, हे सायलीने 9 तारखेला कळवायचं. तिने ते 11 ला कळवलं होतं. बाटलीत किती माल आहे हा आकडा लेबलावर छापावाच लागतो, आणि त्यावर एका बाटलीत किती ग्लास सरबत होतं तेही ठरतं. दोन दिवसांचा उशीर आपल्याच बाजूने झाला होता.

हे कळल्यावर निरोपाचा सूर आपोआप बदलला. आपलं दोन दिवसांचं देणं आहे हे माहीत असलेला माणूस ‘गुरुवारीच द्यायचा होता’ असं लिहीत नाही. आणि हे तपासलंच नसतं तर? मग प्रसादने उत्तरात तेच पुढे केलं असतं, सगळं बोलणं उशीर कोणाचा यावर गेलं असतं आणि तारीख तशीच राहिली असती.

आपली खरी शेवटची तारीख काढा

नवी तारीख मागायची, तर कोणती तारीख आपल्याला चालेल हे आधी माहीत हवं. त्यासाठी शेवटाकडून मागे मोजत यायचं.

आमची लेबलं कोल्हापूरला छापली जातात. प्रेसला तीन कामाचे दिवस लागतात. 27 ऑगस्टला, बुधवारी, गणेश चतुर्थी होती आणि त्या दिवसापासून गौरी-गणपतीच्या विसर्जनापर्यंत, म्हणजे 2 सप्टेंबरपर्यंत, प्रेस बंद राहणार होती. आमच्याकडचीही निम्मी माणसं त्या आठवड्यात घरी असतात. कोकणात गणपतीला कोणी कामावर येईल अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही आणि ठेवूही नये. म्हणजे लेबलं 26 ला संध्याकाळपर्यंत हातात हवीत, तर शनिवार, सोमवार, मंगळवार हे तीन दिवस प्रेसला मिळायला हवेत. म्हणून मजकूर शुक्रवारी 22 ला संध्याकाळी 5 पर्यंत गेला पाहिजे. तो चुकला तर छपाई 3 सप्टेंबरनंतर सुरू होणार, आणि दसऱ्यासाठी पुण्या-मुंबईच्या दुकानांत जाणारा माल आठवडाभर मागे जाणार.

ही 22 तारीख सायलीने कागदावर काढली तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवलं की हातात अजून साडेचार दिवस आहेत. भीती होती तेवढी वेळ आलेली नव्हती.

इथे अनेकजण एक चूक करतात. 22 खरी असताना 19 सांगतात, म्हणजे तीन दिवस हाताशी राहतात. माझा याला विरोध आहे. एकदा-दोनदा हे चालतं. मग लोकांना कळतं की हिच्या तारखेत पाणी घातलेलं असतं, आणि ज्या दिवशी तुमची तारीख अगदी खरी असते त्या दिवशीही ते तीन दिवस पुढचंच धरतात. खरी तारीख सांगा आणि ती का आहे ते एका वाक्यात सांगा. कारण कळलं की माणूस स्वतःच त्याला धरून काम लावतो.

कुठे आणि केव्हा पाठवायचा

पहिला निरोप नेहमी त्या माणसाला एकट्याला. ग्रुपवर नाही, साहेबांना प्रत देऊन नाही. दहा जणांसमोर विचारलं की उत्तर दहा जणांसाठी लिहिलं जातं, आणि मग त्यात अडचण कमी आणि बचाव जास्त येतो.

लेखीच पाठवा, आवाजाचा मेसेज नको. चार दिवसांनी तारीख शोधायची वेळ आली की आवाजातून ती शोधता येत नाही. वेळ सकाळची चांगली, म्हणजे त्याला त्याच दिवशी बघून उत्तर देता येतं. शनिवारी रात्री पाठवलेला निरोप कितीही गोड असला तरी बोचतो.

आता निरोप

आम्ही लिहिला तो असा.

> प्रसाददादा, नमस्कार. कोकम सरबताच्या 750 मिली बाटलीच्या लेबलाच्या मजकुराबद्दल लिहितेय. तो 14 तारखेला ठरला होता, माझ्यापर्यंत आलेला नाही. बाटलीचं माप मी तुम्हाला दोन दिवस उशिरा, 11 ला कळवलं, त्यामुळे तुम्हाला वेळ कमी मिळाला हे लक्षात आहे.
>
> काम सध्या कुठपर्यंत आलंय, आणि पूर्ण मजकूर तुम्हाला कोणत्या तारखेला देता येईल, एवढं आज संध्याकाळपर्यंत कळवाल का?
>
> कोल्हापूरच्या प्रेसला तीन दिवस लागतात आणि 27 पासून ती बंद आहे. मजकूर शुक्रवारी 22 ला संध्याकाळी 5 पर्यंत गेला तर लेबलं गणपतीआधी हातात येतात. कुठे अडलं असेल तर सांगा, माझ्याकडून होण्यासारखं असेल ते मी बघते.
>
> सायली

पहिल्या ओळीत कामाचं पूर्ण नाव आहे. ‘ते लेबलचं’ म्हटलं की तुमच्या डोक्यात एकच लेबल असतं, पण त्याच्या टेबलावर आमसुलं, आगळ, आंबापोळी, फणसपोळी अशी सहा लेबलं असतात.

हाक बदलली आहे. सायली रोज त्याला ‘प्रसाददादा’ म्हणते. सगळा कारखानाच म्हणतो. मेसेजमध्ये अचानक ‘प्रसाद सर’ आलं की त्याला ताबडतोब कळतं की काहीतरी बिनसलंय. तू-तुम्हीचंही तसंच. ज्याला रोज तू म्हणता त्याला उशिराबद्दल लिहिताना ‘तुम्ही’ केलं तर ते आदराचं वाटत नाही, राग वाटतो. रोज मालवणीत बोलत असाल तर मालवणीतच लिहा. फक्त तारीख आणि वार स्पष्ट लिहा.

‘माझ्यापर्यंत आलेला नाही’ हे वाक्य मी मुद्दाम घालायला लावलं. ‘तुम्ही पाठवला नाहीत’ यातही तेवढीच माहिती आहे, पण त्यात एक बोट समोरच्याकडे उठतं. मराठीत करणाऱ्याला बाजूला ठेवून वाक्य सहज करता येतं: मिळालं नाही, राहिलंय, पोचलं नाही. राहून गेलेल्या गोष्टीबद्दल लिहिताना ही सोय वापरा. पण मागणी करताना मात्र वापरू नका. ‘तारीख कळवण्यात यावी’ असं लिहिलं की कोणी कळवायची, कोणाला कळवायची, सगळंच सैल होतं. म्हणून तिथे ‘तुम्हाला कोणत्या तारखेला देता येईल’ असं सरळ त्या माणसाला विचारलं आहे.

आता ती बोच. पहिल्या निरोपात ती ‘अजूनही’ या शब्दात आणि ‘गुरुवारीच’ मधल्या ‘च’ मध्ये होती. ‘आलेला नाही’ ही बातमी आहे. ‘अजूनही आलेला नाही’ ही तक्रार आहे. ‘निदान तारीख तरी सांगा’ यात निदान आणि तरी मिळून ‘तुमच्याकडून एवढंही होत नाही’ असं सांगतात. ‘परत एकदा आठवण करून देतेय’ म्हणजे मागची आठवण मी मोजून ठेवली आहे. हे शब्द बोलताना हसून म्हटले की विरघळतात. लिहिताना हसू जात नाही, शब्द तेवढा जातो. म्हणून लिहून झाल्यावर निरोप एकदा फक्त या बारीक शब्दांसाठी वाचायचा आणि दिसतील ते खोडायचे. वाक्य बहुतेक वेळा त्यांच्याशिवाय नीट उभं राहतं.

‘तरी कृपया … पाठवावा ही विनंती’ ही सरकारी अर्जाची घडण आहे. ग्रामपंचायतीला लिहिताना ती शोभते. रोज एकत्र डबा खाणाऱ्या माणसाला ती परकी वाटते. ‘कळवाल का?’ एवढ्यात सगळी अदब येते.

दोन प्रश्नांचे शब्द मात्र नीट निवडलेले आहेत. ‘झालं का?’ असं विचारलं तर उत्तर हो किंवा नाही एवढंच. ‘नाही’ म्हणणं कोणालाच आवडत नाही, म्हणून माणूस ‘होतंय’ म्हणतो. ‘कुठपर्यंत आलंय?’ या प्रश्नाला कुठलंही खरं उत्तर चालतं: अर्धं झालंय, सुरूच केलं नाही, अमक्यापाशी अडलंय. तसंच ‘कधी देता?’ याचं उत्तर ‘लवकरच’ असू शकतं, पण ‘कोणत्या तारखेला?’ याचं उत्तर लवकरच असं देता येत नाही.

आणखी एक. उत्तराची मुदत आणि कामाची मुदत या निरोपात वेगळ्या आहेत. काम शुक्रवारपर्यंत चालेल, उत्तर मात्र आज संध्याकाळी हवं. या दोन्ही एकत्र झाल्या तर समोरचा माणूस काम झाल्यावरच उत्तर देऊ असं धरतो आणि तोवर तुम्ही अंधारात.

सायलीला शेवटी ‘काही घाई नाही, सावकाश पाठवा’ असं जोडायचं होतं, वाईट दिसू नये म्हणून. मी नको म्हटलं. घाई होती. जे खरं नाही ते सौजन्य म्हणून लिहिलं की समोरचा ते खरं मानतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

उत्तर वाचायला शिका

दुपारी एकच्या सुमारास प्रसादचं उत्तर आलं.

> लॅबकडून रिपोर्ट यायचाय. पहिल्या नमुन्याची बाटली वाटेत गळली, 13 ला दुसरी पाठवली. शिफ्टच्या सुपरवायझरना सांगितलं होतं मी. दोन दिवसांत होईल.

म्हणजे तो कामाकडे दुर्लक्ष करून बसलेला नव्हता. लेबलावर दर 100 मिलीमागे ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर, घातलेली साखर, मेद, सोडियम यांचा पोषण तक्ता द्यावा लागतो. आमच्याकडे तो प्रयोगशाळेच्या तपासणीवरून भरतात. नमुना गळला, तपासणी थांबली, आणि ही गोष्ट सुपरवायझरपर्यंत येऊन तिथेच राहिली. पहिला मेसेज गेला असता तर हे सगळं बाहेर यायला आणखी दोन दिवस गेले असते असं मला वाटतं. टोचलेला माणूस ‘सांगितलं होतं मी’ एवढंच लिहून थांबतो.

पण उत्तराचा शेवट बघा: ‘दोन दिवसांत होईल.’ ही तारीख नाही. आज धरून दोन की उद्यापासून दोन? तुमच्या कामाचे दिवस की लॅबचे? ‘बघतो’, ‘होऊन जाईल’, ‘करून टाकतो’, ‘या आठवड्यात’ ही सगळी उत्तरं त्याच घरातली. ती खोटी नसतात, पण वेळापत्रकात भरता येत नाहीत.

आमच्या बाजूला तर सणांवरून मोजायची सवय आहे. ‘गणपतीनंतर देतो’ हे कोकणातल्या कुठल्याही कार्यालयात ऑगस्टमध्ये रोज ऐकू येतं. पण कोणाच्या गणपतीनंतर? 2025 मध्ये दीड दिवसाचा गणपती 28 ऑगस्टला गेला, पाच दिवसांचा 31 ला, गौरीबरोबर जाणारा 2 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीचा 6 ला. काही घरांत तो 21 दिवस असतो, तो गेला 16 सप्टेंबरला. दोघंही मनापासून ‘गणपतीनंतर’ म्हणतात आणि दोघांच्या मनात जवळजवळ तीन आठवड्यांचं अंतर असू शकतं. शिमग्याचं तेच, पालखी गावागावात वेगळ्या दिवशी घरी येते. ‘आंबे आटपले की’ हे तर त्याहून सैल. असं उत्तर आलं तर रागावायचं नाही. त्याच्या शब्दांची तारीख करून त्यालाच परत विचारायची.

सायलीने तसंच केलं, आणि सोबत काम तोडून मागितलं.

> कळलं, दादा. बाटली गळल्याचं माझ्यापर्यंत आलं नव्हतं. दोन दिवसांत म्हणजे बुधवार 20 धरू का? लॅबने तुम्हाला कोणता दिवस सांगितलाय? आणि पोषण तक्ता सोडून बाकीचा मजकूर आधी मिळाला तर डिझायनर मांडणी करायला घेईल. तो उद्या जमेल का?

हे तोडून मागणं फार उपयोगी पडतं. लेबलावर घटकांची यादी असते, वजनाने जास्त असेल तो घटक आधी. शाकाहारी असल्याची हिरवी खूण, एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक, साठवणुकीची सूचना, पत्ता असतो. यांतलं काहीच लॅबच्या रिपोर्टवर अवलंबून नव्हतं. एक तक्ता अडला म्हणून सगळं पान अडलं होतं. काम अडतं तेव्हा बहुतेक वेळा त्याचा एक तुकडा अडलेला असतो, पण ज्याच्या हातात काम आहे त्याला पूर्ण झाल्याशिवाय देणं बरं वाटत नाही. तुम्ही विचारलंत तर तो मोकळा होतो.

प्रसादने लिहिलं: बाकीचं उद्या बारापर्यंत देतो. लॅबने गुरुवार म्हटलंय, म्हणून तक्ता शुक्रवारी सकाळी. बुधवार धरू नका.

त्या एका वाक्यासाठी हा सगळा खटाटोप होता. सायलीने ‘दोन दिवस’ स्वतःच्या मनाने बुधवार धरून प्रेसला सांगितलं असतं, तर बुधवारी तिची पंचाईत झाली असती आणि प्रसादला ते कळलंही नसतं. उशिराची पण खरी तारीख मिळाली की तिच्यावर काम लावता येतं. म्हणून तारीख सुचवायला हरकत नाही, पण ती त्याच्या तोंडून पक्की झाली पाहिजे. तुम्ही लादलेल्या तारखेला तो ‘बरं’ म्हणेल आणि ती तुमचीच राहील.

शेवटी ठरलेलं लिहून ठेवायचं.

> ठरलं, दादा. बाकीचा मजकूर मंगळवार 19 ला दुपारी 12 पर्यंत, पोषण तक्ता शुक्रवार 22 ला सकाळी 11 पर्यंत. प्रेसला मी तसं कळवते. गुरुवारी लॅबचा रिपोर्ट आला नाही तर त्याच दिवशी मला एक फोन करा, म्हणजे प्रेसशी बोलता येईल.

वार आणि तारीख दोन्ही लिहा. एकात चूक झाली तर दुसरं ती पकडतं. आणि तारीख मोडणार असेल तर आधी कळवायचं, हेही इथेच ठरवून घ्या. बरेच जण हे विसरतात.

उत्तरच आलं नाही तर

संध्याकाळपर्यंत काहीच आलं नसतं तर? त्या आठवड्यात पाऊस असा होता की लाईट जाऊन येऊन होती. आमच्याकडे कितीतरी वाड्यांत घराच्या मागच्या टेकाडावर गेल्याशिवाय रेंज मिळत नाही. मेसेजवर एकच टिक दिसली म्हणजे तो टाळतोय असं नाही. म्हणून दुसरा लेखी निरोप पाठवण्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करावा, किंवा त्याच आवारात असाल तर चालत त्याच्या टेबलाशी जावं. तोच मेसेज पुन्हा फॉरवर्ड करणं मला अजिबात पसंत नाही. तो वाचणाऱ्याला थापडीसारखा लागतो. फोनवर बोलणं झालं की लगेच दोन ओळी लिहून पाठवा: ‘आत्ता बोललो त्याप्रमाणे तक्ता शुक्रवार 22 ला.’ तोंडी ठरलेली तारीख दोघांच्या डोक्यात वेगवेगळी राहू शकते.

फोनही लागला नाही, दुसरा दिवसही गेला आणि खरी शेवटची तारीख जवळ आली, तर वरिष्ठांकडे जावंच लागतं. त्यात चुगली नाही, पण आधी त्या माणसाला सांगून मग जायचं.

> दादा, काल-आज बोलणं होऊ शकलं नाही. प्रेसची जागा आज धरावी लागेल, म्हणून दुपारी 3 ला लेबलांच्या वेळापत्रकाबद्दल मॅडमशी बोलतेय. त्याआधी तुमच्याकडून तारीख मिळाली तर तीच त्यांना सांगते.

आणि वरिष्ठांशी बोलताना माणसाबद्दल बोलू नका, कामाबद्दल बोला. मजकूर 14 ला ठरला होता, मिळालेला नाही, 22 च्या पुढे गेला तर छपाई 3 सप्टेंबरला जाते, काय करू? ‘ते उत्तरच देत नाहीत’ हे वाक्य गिळून टाका. तीन दिवसांनी कळतं की त्याची आई दवाखान्यात होती, आणि तोवर तुमचं वाक्य सगळीकडे फिरलेलं असतं.

घरात आजारपण किंवा सुतक आहे असं कळलं, तर हा निरोप पाठवूच नये. काम कोणाकडे द्यायचं ते वरिष्ठांना विचारावं आणि त्या माणसाला फक्त एवढं कळवावं की लेबलाची काळजी करू नका, आम्ही बघतो.

नवी तारीखही चुकली तर

तेव्हा पहिल्याच निरोपाची नक्कल चालत नाही, कारण आता प्रश्न वेगळा आहे. पहिल्यांदा आपण विचारतो: कुठपर्यंत आलंय? दुसऱ्यांदा विचारायचं: ठरल्यानंतर काय बदललं, आणि आता यातलं किती होऊ शकेल? सोबत तुमच्याकडची दुसरी वाट सांगायची. आमच्याकडे ती अशी होती की 22 ला तक्ता आलाच नाही तर प्रेसची जागा आगळाच्या लेबलांना द्यायची, ती तयार होती, आणि सरबत 3 सप्टेंबरनंतर. हे सांगितल्यावर दोघांवरचा ताण उतरतो. तिसऱ्यांदा तारीख मागायची वेळ आली, तर मेसेज बाजूला ठेवा. समोरासमोर बसा, वरिष्ठांना घेऊन बसा. अडचण बहुधा त्या माणसाच्या हातात उरलेली नसते.

ही वेळ आमच्यावर आली नाही. मंगळवारी पावणेबाराला बाकीचा मजकूर आला. गुरुवारी प्रसादने आपणहून फोन केला, रिपोर्ट आल्याचं सांगायला. शुक्रवारी दहा चाळीसला तक्ता आला. सायलीने तो रिपोर्टशी ताडून पाहिला, मांडणीत बसवून घेतला, प्रेसला पाठवला आणि मग प्रसादला लिहिलं: ‘तक्ता मिळाला, दादा. साडेचारला प्रेसला गेला. लेबलं मंगळवारी येतील.’ मिळाल्याची पोच अशीच द्यावी, पुढे त्याचं काय झालं हे सांगून. नुसत्या अंगठ्याच्या खुणेवरून काम करून देणाऱ्याला काही कळत नाही.

मंगळवारी 26 ला संध्याकाळी लेबलांचे गठ्ठे आंबा घाटातून एसटीच्या पार्सलने आले, तोवर निम्मा कारखाना गावाला गेला होता. दुसऱ्या आठवड्यात प्रसादने स्वतःच सुचवलं, आणि आता लॅबला नमुन्याच्या दोन बाटल्या जातात, दोन वेगळ्या खोक्यांत. नमुना पाठवल्याची तारीख तो रजिस्टरात त्याच पानावर लिहितो जिथे सायली बाटलीचं माप लिहिते.